मिटकरी सरांच्या नोट्स, पान चौदा

परभणीत जिंतूर रोडवरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्या कुणालाही विचारा, मिटकरी सर कसे दिसतात ते त्याला चटकन आठवणार नाही. उंच का बुटके, चष्मा होता का नव्हता, डोकं खाजवावं लागेल. पण मिटकरी सरांच्या नोट्स म्हटलं की तोच माणूस खुर्चीत सरसावून बसेल. ऑपरेटिंग सिस्टीमचा पेपर त्या बासष्ट पानांवर निघतो, हे गावातल्या तीन कॉलेजांना माहीत होतं. गेटसमोरच्या दत्तरावांच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या नोट्सची मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेली असे. पोरं यायची, बोटानं खिळा दाखवायची. नाव घ्यायचंही काम पडायचं नाही.

राजेश्वर चंद्रप्पा मिटकरी. वय एकोणचाळीस. गाव झरी. झरीत चंद्रप्पांचं किराणा दुकान होतं, आता ते थोरला भाऊ बघतो. आई, शांतम्मा, त्याच्याकडेच राहते. राजेश्वर परभणीत एका खोलीत राहायचा. सकाळी आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा करायची, कपाळाला विभूती लावायची, मेसचा डबा पिशवीत टाकायचा आणि कॉलेज गाठायचं. चौदा वर्षं हा क्रम चुकला नव्हता. चुकवायला कुणी आलंच नव्हतं.

तो तासिका तत्त्वावर होता. हे दोन शब्द ज्याला कळले त्याला राजेश्वर अर्धा कळला. तासिका तत्त्वावर म्हणजे कायम नाही. दर जूनमध्ये अर्ज, मुलाखत, मग नेमणुकीचं पत्र, आणि मार्च सरला की पत्राची मुदत संपली. पुढच्या जूनला पुन्हा नवा अर्ज. चौदा मुलाखती झाल्या होत्या. समोर बसलेली माणसं बदलली, प्रश्न तेच राहिले. लग्नाचंही याच दोन शब्दांपाशी घोडं अडलं. स्थळं आली, पोहे झाले, आणि दर वेळी मुलीकडचा एखादा काका बशी खाली ठेवून विचारायचा, "पाव्हणं, परमनंट हायत का?" पहिली काही वर्षं शांतम्मा "होतील की औंदा" म्हणायची. पुढं तिनंच म्हणायचं सोडलं. आता ती रविवारी फोन करायची, जेवलास का विचारायची, आणि दोघंही थोडा वेळ फोन कानाला लावून गप्प बसायची.

स्टाफरूममध्ये कायम लोकांच्या खुर्च्या ठरलेल्या होत्या. राजेश्वर दाराजवळच्या बाकावर बसायचा. त्याला तिथं कुणी बसवलेलं नव्हतं आणि तिथून कुणी उठवलंही नव्हतं. डबा खाताना मांडीवर काहीतरी हवं म्हणून तो नोट्सची झेरॉक्स घेऊन बसे, आणि लोकांना वाटे सर वाचतात. खरं तर त्याला त्या तोंडपाठ होत्या. पण बसस्टँडवर कधी एखादा अनोळखी तरुण माणूस थांबून "सर, तुमच्या नोट्सवरच निघालो बगा मी" असं म्हणायचा, आणि तेवढ्या एका वाक्यावर राजेश्वरचा आठवडा जायचा. माणसाजवळ एकच चांगला सदरा असला की तो जसा जपतो, तशा त्यानं त्या नोट्स जपल्या होत्या.

तर यंदाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या असाइनमेंटच्या फायली तपासायला आल्या होत्या, अडतीस. असाइनमेंट दरवर्षीचीच, नोट्सच्या पान चौदावरची. एका प्रोसेसरवर तीन कामं आहेत, पी-वन, पी-टू, पी-थ्री. तिन्ही एकाच वेळी, शून्याला, हजर झाली आहेत. प्रत्येकाला सहा-सहा मिलिसेकंद लागतात. आधी फर्स्ट कम फर्स्ट सर्व्हनं सोडवा, म्हणजे जो रांगेत पुढं त्याचं काम पुरतं संपवायचं, मग पुढचा. नंतर राउंड रॉबिननं सोडवा, म्हणजे प्रत्येकाला दोन मिलिसेकंद द्यायचे, काम उरलं तर त्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. दोन्हींचा सरासरी वेटिंग टाईम काढा आणि कोणती पद्धत बरी ते लिहा.

उत्तरही ठरलेलं. पहिल्या पद्धतीत पी-वन शून्य थांबतो, पी-टू सहा, पी-थ्री बारा, सरासरी सहा. दुसऱ्या पद्धतीत शून्य, दोन, चार, सरासरी दोन. निष्कर्ष: राउंड रॉबिनमध्ये थांबण्याचा वेळ नेहमी कमी असतो, म्हणून ती श्रेष्ठ. 'नेहमी' या शब्दाखाली राजेश्वरनं चौदा वर्षांपूर्वी दुहेरी रेघ मारली होती, आणि छत्तीस-सदतीस पोरांनी यंदाही इमानेइतबारे पट्टी लावून तशीच दुहेरी रेघ मारली होती. आपली रेघ बघून त्याला बरं वाटे. दहापैकी दहा, सही, पुढची फाइल.

सत्ताविसाव्या फाइलला त्याचा हात थांबला. नाव सृष्टी, देवगाव फाट्याहून रोज एसटीनं येणारी, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसणारी मुलगी. तिनं राउंड रॉबिनची सरासरी दहा काढली होती. निष्कर्षात लिहिलं होतं, या तीन कामांसाठी पहिली पद्धत बरी. खाली दुहेरी रेघ नव्हती. राजेश्वरनं लाल पेननं दहावर काट मारली, बाजूला दोन लिहिलं आणि तीन मार्क दिले. तीनही त्यानं अक्षर चांगलं म्हणूनच दिले. पोरीनं वर्गात लक्ष दिलं नाही आणि नोट्सही घेतल्या नाहीत, असा त्याचा समज झाला, आणि दुसऱ्या गोष्टीचाच त्याला जास्त राग आला.

फायली वाटल्या त्या दिवशी दुपारी सृष्टी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. दाराजवळच बाक असल्यानं ती थेट त्याच्याच समोर आली.

"सर, हे कसं काय चुकलंय?"

"नोट्स बघितल्या का?"

"बगितल्या सर. तसंच लिवलं असतं तर दहा मिळाले असते, मला ठाव होतं."

"मग?"

"पन येत न्हाई की सर तसं. मी तीन डाव करून बगितलं."

त्यानं चष्मा वर केला. चांगल्या पोरांशीही तो असाच बोलायचा, तुटक, कारण जास्त बोलायची सवय मोडली होती. "सोपं आहे. पी-टूचा नंबर कधी लागला? दोनला. म्हणजे तो दोन थांबला. पी-थ्री चारला सुरू झाला, तो चार थांबला. झालं."

"न्हाई सर," ती म्हणाली. आवाज बारीक, पण मागं हटत नव्हता. "दोनला नंबर लागला, चारला त्याला उठवलं. त्याचं काम कुठं झालंय? चार मिलिसेकंदाचं उरलंच की. तो परत रांगंत गेला. ते थांबनं धरायचं न्हाई का?" आणि मग, तिला नीट शब्द सापडेना म्हणून की काय, तिनं साधंच विचारलं, "पयल्यांदा नंबर लागला म्हनजे थांबनं संपलं का सर?"

राजेश्वर म्हणाला, "बघतो. फाइल ठेवून जा." ती गेली. समोरच्या खुर्चीतल्या कुणीतरी पेपर खाली केला, पुन्हा वर केला. डबा अर्धा राहिला होता. त्यानं तो तसाच बंद केला.

संध्याकाळी खोलीवर आल्याआल्या त्यानं कपडेही बदलले नाहीत. पाठकोरा कागद घेतला आणि आडवी पट्टी आखली, शून्य ते अठरा. शून्य ते दोन पी-वन. दोन ते चार पी-टू. चार ते सहा पी-थ्री. मग सहा ते आठ पुन्हा पी-वन, असं करत करत शेवटचे दोन, सोळा ते अठरा, पी-थ्रीचे. नऊ चौकोन झाले. हे नऊ चौकोन त्यानं फळ्यावर किमान चौदा वेळा काढले असतील. पण काढून झाले की तो फक्त पहिले तीन बघायचा.

आता त्यानं पी-वनवर बोट ठेवलं आणि बोटानंच चालत गेला. दोनला प्रोसेसरवरून उठला, सहाला परत बसला, चार मिलिसेकंद थांबला. आठला उठला, बाराला बसला, आणखी चार. चौदाला काम संपलं. एकूण थांबणं आठ. पी-टू सोळाला संपतो, त्यातले सहा कामाचे, म्हणजे थांबणं दहा. पी-थ्री अठराला संपतो, थांबणं बारा. आठ, दहा, बारा. तीस भागिले तीन.

दहा.

त्यानं ताळा केला. पी-वनच्या संपण्याच्या वेळेतून कामाचा वेळ वजा केला, पी-टू आणि पी-थ्रीवर बोटानं चालून बघितलं, तरी दहाच. मग उलटा प्रयत्न म्हणून एक मोठं काम पुढं घातलं, वीसचं, आणि मागं दोन-दोनची दोन चिल्लर कामं. इथं पहिल्या पद्धतीत सरासरी चौदा आली आणि राउंड रॉबिनमध्ये साडेतीनच्याही आत. म्हणजे राउंड रॉबिन वाईट नव्हती. मोठ्याच्या मागं अडकलेल्या बारक्यांना ती सोडवते, सगळ्यांना लवकर तोंड दाखवते. पण सगळी कामं सारखीच लांब असली की तीच पद्धत सगळ्यांना घोळात घेते, कुणाचंच लवकर संपू देत नाही. 'नेहमी' हा शब्दच खोटा होता. आणि शून्य, दोन, चार हे आकडे खरे होते, पण ते थांबण्याचे नव्हतेच. पहिल्यांदा नंबर कधी लागला एवढंच ते सांगत होते. त्याला पुस्तकात वेगळं नाव आहे, रिस्पॉन्स टाईम. पहिल्या पद्धतीत एकदा बसलेलं काम उठतच नाही, म्हणून तिथं दोन्ही आकडे एकच येतात. तीच रीत त्यानं दुसरीकडे ओढून नेली होती.

एवढी बाळबोध चूक. पंचविसाव्या वर्षी, पहिल्या नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर, चार दिवसांत त्यानं त्या नोट्स लिहून काढल्या होत्या. किती आनंदात होता तेव्हा! चंद्रप्पांनी झरीत पेढे वाटले होते. नंबर लागला, आता थांबणं संपलं, असंच सगळ्या घराला वाटलं होतं. मग मार्च आला आणि तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुन्हा जून, पुन्हा मार्च. या चौदा वर्षांत त्यानं पुस्तक परत उघडलं नाही, कारण नोट्स होत्या. आणि आपण अजून थांबलेलेच आहोत, हे स्वतःशीही कधी कबूल केलं नाही, कारण पत्र होतं. तो कागदावरचे नऊ चौकोन बघत बसला. हे सांगायचं तर कुणाला, असा विचार आला, आणि खोलीत नजर फिरवायचीही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेला. दिनकरराव सर, पोखर्णीचे, साठीला आलेले, कायम. माणूस वाईट नव्हता. कुणाचं वाकडं करायचं नाही आणि आपली झोप मोडू द्यायची नाही, एवढं त्यांचं धोरण. राजेश्वरनं कागद पुढं केला. दिनकररावांनी तो उलटा धरला, सुलटा केला.

"बरं, मग?"

"चौदा वर्षं चुकीचं शिकवलं सर."

"हळू बोला की राव." त्यांनी दाराकडे बघितलं. "पोरीला दहा देऊन टाका. विषय संपला. कशाला उकरून काढायलाय?"

"आणि बाकीचे सदतीस?"

"त्यांनी काय तक्रार केली का? परीक्षा झाली की पोरं इसरून जातेत, मिटकरी. तुमचं आमचं कोन ध्यानात ठेवतंय?" मग खुर्ची पुढं ओढून आवाज खाली आणला. "जूनमधी तुमची मुलाखत हाय. यंदा अर्जही जास्ती येणार, नेट पास झालेली पोरं हायत. बोर्डावर कुनी म्हनलं, का हो, चौदा वर्षं चुकीचं शिकवलं म्हनं, तर मी काय सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची."

म्हण ऐकायला बरी होती. राजेश्वर व्हरांड्यात आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. दिनकरराव म्हणाले त्यात खोटं काहीच नव्हतं. गप्प बसलं तर नोट्स खिळ्यालाच टांगलेल्या राहतील, जूनमध्ये पत्र येईल, बसस्टँडवर कुणीतरी हात करील. बोललं तर यातलं काय उरेल ते सांगता येत नव्हतं. आणि उरायला मुळात होतं किती? नोट्स गेल्या तर या गावात मिटकरी म्हणून ओळखावं असं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. याची त्याला भीती वाटली.

व्हरांड्याच्या टोकाला सृष्टी उभी होती. तो थांबलाय हे बघून ती जवळ आली.

"सर, बगितलं का?"

"बघितलं. तुझं बरोबर आहे."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "सर, एक सांगू का? वर्गात माझं नाव घेऊ नका. सगळ्यांच्या फायली परत लिवाय लागतील. पोरी बोलायच्या न्हाईत माझ्याशी. तशाबी लय कमी बोलतेत."

"तरी तू विचारायला आलीस."

"मला वाटलं माझंच चुकतंय," ती म्हणाली. "कुनी सांगायला नव्हतं, म्हनून आले."

रविवारी शांतम्माचा फोन आला. जेवलास का, हो जेवलो. मग नेहमीची शांतता. "आई," तो म्हणाला, "एखादी गोष्ट लय वर्षं चुकीची केली, आणि आता कळली, तर?" "तुला कळली ना?" तिनं विचारलं. "मग आता तशी करू नगंस. त्यात काय पुसायचं." तिला वाटलं, पोरगं एखाद्या सोडलेल्या स्थळाबद्दल बोलतंय.

सोमवारी पहिल्या तासाला राजेश्वर वर्गात गेला, हजेरी घेतली आणि फळ्यावर नऊ चौकोन काढले. नेहमी तो तोंड फळ्याकडे करून शिकवायचा. त्या दिवशी वळून उभा राहिला.

"पान चौदा काढा. तिथलं राउंड रॉबिनचं उत्तर चूक आहे. छपाईची चूक नाही, माझी आहे. मीच चुकीचं शिकलो आणि तुम्हाला तसंच शिकवलं."

मग त्यानं पी-वनवर खडू ठेवला आणि बोटानं चालला होता तसा चालत गेला. उठला, बसला, उठला, बसला. इथं चार, इथं चार. आठ, दहा, बारा. सरासरी दहा. 'नेहमी' हा शब्द फळ्यावर लिहून त्यावर आडवी काट मारली. "हे मला एका फाइलीमुळं कळलं," एवढंच तो म्हणाला आणि भिंतीकडच्या बाकाकडे मुद्दाम बघितलं नाही. चौदा वर्षांतलं सगळ्यात मोठं काही त्यानं आत्ता केलं होतं, आणि वर्ग काय करतो याची तो वाट बघत राहिला.

वर्गानं वह्या उलटल्या. मागं कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं, एक दबलेलं हसू आलं. मधल्या रांगेतल्या एकानं हात वर केला.

"सर, पेपरात कोनतं लिवायचं?"

"बरोबर आहे ते लिहायचं."

"पन तपासनारे सर जुन्या नोट्सवालेच असले तर?"

"पायऱ्या दाखवून लिहा," तो म्हणाला. "फायली परत लिहून आणा, बुधवारपर्यंत." वर्गातून एक मोठा कण्हल्यासारखा आवाज निघाला. सृष्टीनं मान खाली घालून सगळ्यांसारखंच पान फाडलं आणि सगळ्यांसारखंच परत लिहायला घेतलं, तिला लिहायचं काही नव्हतं तरी.

दुपारी तो दत्तरावांच्या दुकानात गेला आणि खिळ्यावरची पिशवी काढून घेतली. दत्तराव मशीनवरून म्हणाले, "का हो सर, सीझन तोंडावर आलाय अन नेता कुठं?" चूक आहे, दुरुस्त करून आणतो, असं राजेश्वरनं सांगितलं. "एका पानाची चूक ना? मग नवं पान आना, घालून देतो. बाकीच्या एकसष्टाला काय धाड भरली?" राजेश्वर पिशवी घेऊन निघाला. मागं खिळा मोकळाच राहिला.

खोलीवर आल्यावर त्याला पहिल्यांदाच त्या सगळ्या पोरांची आठवण झाली, जी हे उत्तर घेऊन गेली होती. चौदा वर्षांची पोरं. त्यांना कुठं गाठायचं? फोनमध्ये एकाच जुन्या विद्यार्थ्याचा नंबर होता. धम्मानंद. सहा वर्षांपूर्वीचा, त्याच्या सगळ्या वर्षांतला सगळ्यात हुशार पोरगा, आता पुण्यात एका मोठ्या कंपनीत. दिवाळीला त्याचा मेसेज यायचा. राजेश्वरनं दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवला, तिसऱ्यांदा लावला.

"सर! तुमी? बोला की सर, तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे. तू कामात असशील. एकच सांगायचं होतं. आपल्या नोट्समध्ये पान चौदा, राउंड रॉबिनचा सरासरी वेटिंग टाईम. तिथं दोन लिहिलंय."

पलीकडून काही विचारायच्या आत त्यानं पुढचं सांगून टाकलं.

"ते दहा पाहिजे. मी पहिला नंबर लागेपर्यंतचाच वेळ धरला होता. तुला कुठं अडचण आली असंल तर..."

"सर," धम्मानंद हळू बोलला. "ठाव हाय सर."

"कधी कळलं?"

"तवाच. सेकंड इयरला. आमी चौघं लायब्ररीत पुस्तक घेऊन बसलो होतो, तवा ध्यानात आलं."

राजेश्वर खाटेवर बसला. "आणि परीक्षेत?"

"तुमच्यासारखंच लिवलं. दोन."

"मला का नाही सांगितलं रे?"

धम्मानंदच्या मागं ऑफिसातली माणसं बोलत होती, मग दार लागल्याचा आवाज आला आणि शांत झालं. "सर, राग मानू नका. तुमी रोज त्या बाकावर एकटेच बसलेले असायचात, डबा खात. मांडीवर नोट्स असायच्या. कुनी तुमच्याशी बोलायचं न्हाई. आमाला वाटलं, सरांजवळ तेवढंच हाय. ते कशाला मोडायचं. आमी चौघांनी ठरवलं होतं, कुनी बोलायचं न्हाई म्हनून. पुढच्या वर्षीच्या पोरांनाबी सांगून ठेवलं होतं."

राजेश्वरला वाटलं होतं, आपल्याला कुणी बघत नाही. ती दाराजवळची चौदा वर्षं अदृश्य गेली असा त्याचा समज होता आणि त्या समजात एक आडोसाही होता. आता कळलं की पोरं बघत होती. एकेक वर्षाची पोरं येता-जाता बघून गेली, कीव करून गेली, आणि जाताना मागच्यांना बजावून गेली की सरांना हे सांगू नका. बसस्टँडवर हात करणाऱ्यांत त्यातले किती होते? त्याला लाज वाटली, मग राग आला, मग रागही ओसरला. इतक्या वर्षांत इतक्या माणसांनी मिळून त्याची काळजी घेतली होती, आणि नेमक्या त्याच काळजीनं तो एकटा राहिला होता.

"सर? हाय का लाइनवर?"

"आहे." त्यानं पिशवीतनं नोट्स काढल्या. बासष्ट पानं. वरचा कागद बोटांनी मऊ पडला होता. त्यानं विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं. "धम्मानंद, खरं सांग. आणखी कुठं चुकलंय?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सर, पेन हाय का जवळ?"

"थांब, घेतो."

"पान एकतीस. पेजिंगमधी इंटर्नल फ्रॅगमेंटेशन होत न्हाई असं तुमी लिवलंय. होतं सर. होत न्हाई ते एक्स्टर्नल."

राजेश्वरनं पान एकतीस उघडलं. वाचलं. मेमरीचे सारखे तुकडे पाडले की शेवटच्या तुकड्यात उरलेली जागा वाया जातेच. "बरोबर," तो म्हणाला. "पुढं?"

"लय हायत सर," धम्मानंद म्हणाला. "तुमाला वेळ हाय ना?"